लटकन

दिवाळीला आलेलं दिव्याचं चित्र तसंच पुढे पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आदिलाबादच्या माझ्या शिलाईच्या दुकानातून नेहमीच्या प्रत्येक बाईला मी स्वतः चार ओळी लिहिते. मिळून केलेल्या कामातली एक आठवण, बाकी शुभेच्छा. ‘नवीन डिझाइन आलंय, या’ वगैरे त्यात कधीच नसतं.

जवळच्या बोथ गावच्या एका काकूंना एका वर्षी लिहिलं: “काकू, दिवाळीच्या शुभेच्छा. लेकीच्या साखरपुड्याच्या ब्लाउजच्या पाठीच्या गळ्यावरून तुम्ही दोघी माझ्या दुकानात भांडलात, मग तुम्हीच बसून पाठीचे लटकन वळलेत. तसे गोंडे मला अजून जमत नाहीत.” पाठवलं आणि स्वतःवरच खूश झाले.

दुपारी त्यांच्या गल्लीतली एक गिऱ्हाईक फॉल घेऊन आली. ती सहज बोलून गेली की काकूंची ती लेक भादव्यात तापानं गेली, दोन दिवसही काढले नाहीत. ज्या घरात माणूस गेलं, तिथं वर्षभर सण नसतो. त्या दारी कोणी शुभेच्छा देत नाही. आणि मी तिच्या ब्लाउजच्या गोष्टी लिहून बसले होते. मेसेज पुसायला फोन उघडला, तर निळ्या खुणा उमटलेल्या. वाचून झालं होतं. फोन करायची हिंमत झाली नाही.

भाऊबीज झाल्यावर काकू स्वतः दुकानात आल्या. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हात धरून मला बसवलं.

“या दिवाळीत मले कोणाचाच मेसेज नाही आला. तुहाच आला,” त्या म्हणाल्या. “घरात तिचं नाव कोणी काढत नाही. मी रडीन म्हणून. तू काढलं.”

मग हळूच विचारलं, ब्लाउज न्यायला ती एकटी आली होती, तेव्हा काय बोलली?

खोटं बोलायला जीभ वळेना. मी सांगून टाकलं की पाठीचा गळा आणखी बोटभर खाली घ्यायला लावला होता, आईला न सांगता.

काकू हसल्या. साखरपुड्यातही अशाच हसल्या असतील, असं मला वाटलं.

“मले मालूम होतं. ती आयकणार हाय का? म्हणून तर गोंडे एवढे मोठे केले. पाठ झाकाले.”

आणि मग तिथेच, शिलाई मशीनवर डोकं टेकून, पोटातून रडल्या. मीही रडले. बाहेर गिऱ्हाइकं उभी होती, राहू दिली.

जाताना पदर सावरत म्हणाल्या, “पुढच्या दिवाळीले बी तिचंच लिहिजो. पण दुसरं काही. हे तर झालं.”

माझ्याकडे तिचं दुसरं काहीच नाही. एकच ब्लाउज शिवला होता मी तिचा.