दोन वर्षांचा परिच्छेद

हेतुपत्राच्या तिसऱ्या परिच्छेदावर श्रीधर सरांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि कागद विशाखाकडे सरकवला.

सर तिचे मार्गदर्शक. एम.कॉम. झाल्यावर ती त्यांच्याकडे संशोधन करत होती. परदेशातल्या एका विद्यापीठाने तीन महिन्यांच्या अभ्यागत शिष्यवृत्तीसाठी अर्ज मागवले होते. तिथल्या एका प्राध्यापकांनी तिचा आराखडा वाचून, निवड झाल्यास तिला आपल्या विभागात सामावून घेण्याची तयारी कळवली होती. आता हवे होते काय संशोधन करायचे आणि का, हे सांगणारे दोन पानी हेतुपत्र आणि एका शिक्षकाचे शिफारसपत्र. मुदत उद्यापर्यंत.

"ही दोन वर्षं काढून टाक," सर म्हणाले. "खाजगी नोकरी लिही. विषय भक्कम आहे, त्यात तुझं भाजी विकणं कशाला?"

"सर, विषयच भाजीबाजाराचा आहे."

विषय होता, रस्त्यावरच्या बाजारात जागेचा हक्क कागदाशिवाय कसा टिकतो. विशाखाच्या आईचा, केसरबाईंचा, पाय मोडला तेव्हा बी.कॉम.नंतरची दोन वर्षे गारखेड्याच्या बाजारात त्यांच्या जागेवर भाजी विकायला विशाखाच बसली होती. त्याआधीचे चार महिने, तिची परीक्षा होईपर्यंत, ती जागा शेजारच्या भाजीवालीने गोणपाट अंथरून राखली होती. दुसरी एखादी बाळंतपणाला गेली तरी हीच रीत. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. विशाखाला ती मेथीच्या जुड्या बांधता बांधता कळली होती.

"तिकडे काय कोथिंबीर विकायला निघालीस?"

"नाही सर. ती इथंच विकून झालीय."

सरांच्या ओठांवर हसू आले आणि तिथेच विरले. ते म्हणाले, "ते लोक दयेने निवड करतील असं वाटतं का तुला?"

"दया मागणारं एक वाक्य दाखवा, मी खोडते. काय पाहिलं आणि काय तपासायचंय, एवढंच लिहिलंय. खोटी नोकरी लिहायची नाही मला."

"मग शिफारसीसाठी माझं नाव देऊ नकोस."

विशाखाने तिथेच लॅपटॉप उघडला. अर्जातले त्यांचे नाव पुसले आणि एम.कॉम.ला शिकवलेल्या नीरजा मॅडमना फोन लावला. मॅडमनी एकच विचारले, "बाजारात किती बायकांशी बोललीस?"

"एकेचाळीस."

"तो आकडा पत्रात घाल. शिफारसीची लिंक माझ्या ई-मेलवर येऊ दे."

घरी केसरबाई पाय पसरून बसल्या होत्या. विशाखाने सगळे सांगितले.

"सरच नाराज झाले, मग पुढचं कसं व्हायचं गं?" त्या म्हणाल्या. "लई मोठा माणूस हाय तो."

"उद्या त्यांच्याकडेच काम करायचंय, आई. नाराज असले तरी."

"आन् नाय घेतलं तिकडच्यांनी?"

"नाही घेतलं तर हेच पत्र पुढच्या विद्यापीठाला पाठवीन. रेघ मारलेला परिच्छेद पहिल्या पानावर आणून."

"मंग आत्ताच आण की," केसरबाई म्हणाल्या. "पुढच्याची वाट कशाला बघतीस?"

विशाखाने परिच्छेद उचलून वर, अगदी सुरुवातीला ठेवला, त्यात एकेचाळीसचा आकडा घातला, पुन्हा एकदा वाचला आणि अर्ज धाडून दिला.