मे महिन्यात मागवलेली बाटली

आमच्या घरात बाटली म्हणजे फिनेलची, नाहीतर कोकमाची. त्या घरात बापलेकीचं भांडण एका वाईनच्या बाटलीवर येऊन ठेपेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण लेकीने नाशिककडच्या एका लहानशा वायनरीत नोकरी धरली, सुरुवातीला नुसत्या टाक्या धुतल्या, आणि मग मालकांनी एक रेड वाईन पूर्णपणे तिच्या हातात दिली. पहिल्या दिवशी तिला तिथे सोडायला आमचे हेच गाडी घेऊन गेले होते. भावकीत कुणी नाक मुरडलं की हेच सुनवायचे, "दारू नाय, द्राक्षाचं शास्त्र शिकते माजी पोरगी!"

मागच्या उन्हाळ्यापासून मात्र यांना काय झालं कोण जाणे. वाईनचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे. गणपतीत तर सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "अजून वय हाय. दुसरं कायतरी शीक." पोरगी आरतीलाही थांबली नाही. मी खोदून खोदून विचारलं, पण हे तोंड उघडायला तयार नाहीत.

मग मे महिन्यात तिचा फोन आला. मालक तिला कायम करणार होते आणि पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी तिने हो-नाही सांगायचं होतं.

"आई, बाबांना एकदा माझी वाईन चाखायला लाव. नाही आवडली तर मी सोडते."

"मग घेऊन ये की एक बाटली."

"मी आणली तर ते माझं मन राखतील. लोकांना मिळते तशी ऑनलाइन मागव. फक्त मे आहे, तेवढं उन्हाचं बघ."

हट्ट बापाचाच, दुसरं काय! यांना सांगितलं तर मान वर न करता म्हणाले, "मागवायची तर मागव. एक घोट घेईन."

आमच्या सानपाड्यातल्या दुकानांत ती वाईन मिळत नाही. लायसन्सवाल्या एका दुकानाच्या साइटवर सापडली. खाली लोकांचे रिव्ह्यू होते. चष्मा लावून वाचायला बसले. एक म्हणतो, ताज्या जांभळाचा वास, मागाहून मिरीचा झटका, पैसे वसूल. त्याच्याच खाली दुसरा म्हणतो, शिजवलेल्या जॅमसारखी, वास मेलेला, बूच चिकट. एकाच बाटलीबद्दल! लेकीला विचारलं तर म्हणाली, "मी ते वाचत नाही गं. रडू येतं."

माझा जन्म अकाउंट्समध्ये गेला. माझी नजर आधी तारखांवर जाते. शिव्या घालणारे सगळे एप्रिल-मेमधले निघाले. कौतुक करणारे थंडीतले. लेबलवरचं वर्ष तेच, वाईन तीच. म्हणजे बिघडत होती ती रस्त्यात! मला आनंद व्हायला हवा होता, पण माझी भीतीच वाढली. कारण माझी बाटलीही त्याच रस्त्याने, त्याच उन्हातून येणार होती.

दुकानात फोन केला. "गोदाम थंड आहे का हो?"

"मॅडम, एकदम. पूर्ण एसी."

"आणि टेम्पो?"

"टेम्पो... टेम्पोच आहे, मॅडम."

शनिवार-रविवारी बाटली कुठेतरी पडून राहू नये म्हणून ऑर्डर मुद्दाम सोमवारी दिली. दारू घ्यायला लागणाऱ्या परवान्याचा नंबर भरला. सूचनांच्या चौकटीत लिहिलं, सकाळी लवकर द्यावी, उन्हात ठेवू नये. आणि ऑफिसला रजा टाकून दारापाशी बसले.

बुधवारी मोबाईलवर आलं, माल तुर्भ्याच्या गोदामात पोचला. दुपारी आलं, 'ग्राहक घरी नाही'. मी घरी नाही? मी तर दाराला चिकटून बसले होते! खाली वॉचमनला विचारलं, कुणीही आलं नव्हतं. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी तर डिलिव्हरीवाल्यांचा फोनच कुणी उचलेना. बाहेर पाऊल टाकलं की डांबर चपलेला चिकटत होतं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो टेम्पो.

शनिवारी सकाळी घरातली मासळीची थर्माकोलची पेटी काढली, बर्फ भरला आणि रिक्षाने तुर्भे गाठलं. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, पापलेट काय?" मी पेटी मांडीवर ओढून घेतली.

गोदामाच्या भिंतीला लागून पत्र्याचा टेम्पो उन्हात उभा होता. मागचं दार उघडलं तशी आतली वाफ तोंडावर आली. खोक्यांच्या ढिगातून माझं खोकं निघालं. हात लावला तर डब्यातल्या गरम भातासारखं लागलं. मी तिथेच ते बर्फात पुरलं आणि घरी येईपर्यंत पेटीवर हात ठेवून बसले. जणू तेवढ्याने काही होणार होतं.

घरी येऊन खोकं उघडलं. बूच काचेच्या काठाच्या वर आलं होतं, त्यावरचं वेष्टन फुगलं होतं आणि मानेवरून जांभळा चिकट ओघळ आला होता. आतली वाईन तापून फुगली होती आणि बुचाला ढकलून बाहेर आली होती. फोटो काढून दुकानाला पाठवले. उत्तर लगेच आलं, बदलून देऊ, आठवडा लागेल. आणि माझ्या हातात उरला होता फक्त रविवार, सोमवारी तर पोरीने उत्तर द्यायचं होतं.

मग बर्फाचा विचार मनात आला आणि माझंच मला हसू आलं, रडू येण्याआधी. मी मच्छीवाल्यांच्या घरातली. सडलेला बांगडा बर्फात घातला तर थंड सडलेला बांगडा मिळतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी वेड्यासारखी बर्फ घेऊन धावले होते. आता यांनी ही चाखली असती, तोंड वाकडं केलं असतं आणि पोरीने खरंच सोडलं असतं. बाटली मोरीत ओतावी आणि फुटली म्हणून सांगावं, असं ठरवून मी उठलेच होते.

तेवढ्यात हे गॅलरीतून आत आले. बाटली हातात घेतली. वर आलेल्या बुचावरून अंगठा फिरवला, ओघळ बघितला.

"ही उन्हात तापली," म्हणाले.

"तापली!" मी एकदम उसळले. "टेम्पोत पडून होती. यात तिचा काही दोष नाही. प्यायची असेल तर प्या, पण तिला एक शब्द बोलाल तर बघा!"

हे खुर्चीत बसले. बाटली मांडीवर तशीच.

"मागच्या वर्षीची पन अशीच वर आलेली."

"कुठली मागच्या वर्षीची?"

मग हळूहळू बाहेर पडलं. मागच्या मे महिन्यात यांनी गुपचूप तिच्या वाईनची एक बाटली मागवली होती. चाखायची, पोरीला फोन करायचा, चकित करायचं, असा बेत. उघडली तर उकडलेल्या फळाचा वास. दोन घोट घेतले आणि ओतून दिली.

"मला वाटलं, पोरीला जमत नाय. तिला कसा सांगनार? म्हून गप ऱ्हायलो."

वर्षभराचं ते गॅलरीत जाणं मला आता कळलं. राग तर आलाच, आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासा वाटला.

"बंदरावर मासळीच्या लिलावात आमी काय करायचो?" हे स्वतःशीच बोलले. "टेम्पोतली दुपारची मासळी बघून होडीवाल्याला कोन नावं ठेवतं का? आनि मी पोरीला नावं ठेवली."

त्यांनी स्वतःच फोन लावला. स्पीकर चालू होता. पहिल्याच रिंगला तिने उचलला. बाबांचा फोन म्हणून घाबरलीच असणार.

"बाबा? चाखली?"

यांनी बाटली टेबलावर ठेवली.

"नाय बाय. उद्या आमी दोघं तिकडं येतो. तुजी वाईन मी अजून चाखलीच नाय."