मुक्या माराचं मलम

सोलापुरात मी होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. आर्निका आणि कॉम्फ्रीची मलमं फक्त मुक्या माराला, असं ते बजावत. फुटलेल्या कातडीतून किंवा तोंडावाटे अंगात गेली, तर ती बाधतात.

माझ्या भावाला गिरणीतून काढायला लावणारा जॉबर, त्याच्या खात्याचा मुकादम, एकदा सुजलेली, सोललेली नडगी घेऊन आला. डॉक्टर बाहेर होते. मी मुद्दाम आर्निकाची डबी दिली.

"जखमेवरबी लावू?"

"दाबून चोळा," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी तो परत आला, तेव्हा नडगीवर फोड उठून लस वाहत होती. मला बरं वाटलं.

डॉक्टर ओरडले, "जखमेवर लावायला कुणी सांगितलं?"

"माझीच चूक," जॉबर म्हणाला. "ह्यानं नको म्हटलं हुतं की."

भावाची नोकरी घालवणाऱ्यानं माझी वाचवली. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.