मांडवात उतरवलेली शेरवानी

दिगंबर कारकुनाने भरमांडवात शेरवानी उतरवली ती देशप्रेमानं, अशी कुजबुज हैदराबादच्या साऱ्या कोठी मोहल्ल्यात झाली होती. निजामाचं राज्य जाऊन दोनच महिने झाले होते ना!

लग्नाआधी आई म्हणाली होती, "विकतच घे रे. नव्वदात होईल, धाकट्याच्या लग्नातही चालेल."

"भाडं वीस, कंबर आवळून पुन्हा उसवायचे सहा, धुलाईचे चार," दिगंबरने हिशेब सांगितला. "तिसात नवरदेव! अनामतीचे चाळीस तर परतच मिळणार."

"डाग पडला तर सत्तर होतील, शहाण्या. त्यात वीस घातले की जन्माची आपली!"

पत्थरगट्टीच्या दुकानदारानेही बजावलं होतं, "जरी पे दाग लगा तो अनामत नक्को पूछो, साब."

अक्षता पडल्या, पंगत बसली. बायकांनी नवरीला, प्रमिलेला, घास भरवायला पुढं ढकललं. बिचारीने नाव घेतलं आणि पाक गळणारी जिलबी उचलली. दिगंबरला प्रमिला दिसलीच नाही, पाकाचा थेंब तेवढा दिसला. त्याने तिच्या हातावर फटका मारला आणि घाईघाईने शेरवानी उतरवून गंजिफ्रॉकवर उभा राहिला.

"शाब्बास! फेकली निजामाची झूल!" मामा ओरडले. टाळ्या पडल्या. जिलबी प्रमिलेच्या शालूवर पडली होती. तो शालू विकतचा, तिच्या बापाने कर्ज काढून घेतलेला.

दिगंबर पुढं देशभक्त म्हणून मिरवला. प्रमिलेने त्याला पुन्हा कधी घास भरवला नाही.

शेरवानी भाड्याची होती. अनामतीचे चाळीस रुपये त्याला पूर्ण परत मिळाले.