एका स्वप्नाचे चार मालक

मयूरीला नोकरी हवी होती, आणि तीही शहाद्यातच. पोरगी शहाद्याच्या शाळेत, सासर तापीकाठच्या गावात, मध्ये स्कूटी. एवढ्या परिघाबाहेरची नोकरी घरात कुणाला दिसणार नव्हती. सासऱ्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली होती. मोठं मन आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, उघडं राहणार होतं. तोवर काम लागलं तर ठीक, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

ती रसायनशास्त्राची पदवीधर. लग्नाआधी माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिने मन लावून काम केलं होतं. पण घरात या अनुभवापेक्षा तिच्या बट्टीचीच कीर्ती जास्त.

मदतीला धावला चुलत दीर धीरज. गावातली निम्मी पोरं त्याच्या मेसेजवर अर्ज करत. त्यातल्या कुणाला नोकरी लागली, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मेसेज असा होता: 'लहानपणापासून आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याचे माझे स्वप्न आहे. मी मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर असून संघभावनेवर माझा विश्वास आहे.' संस्थेचं नाव आणि पद तेवढं बदलायचं.

"वहिनी, याच्यात कुठंच चूक निघत नाही," धीरज म्हणाला होता.

खरंच निघत नव्हती. चूक निघायला आधी काहीतरी म्हटलेलं असावं लागतं.

मयूरीने तो चार ठिकाणी पाठवला. केळीच्या पॅकहाऊसला, ठिबकच्या दुकानाला, एका शाळेला आणि एका दवाखान्याला. नावं नीट बदलली, पदं बदलली. पॅकहाऊसला निर्यातीचा माल पाहणारं माणूस हवं होतं, ठिबकवाल्याला शेतकऱ्यांशी बोलणारं, शाळेला प्रयोगशाळा सहायक, दवाखान्याला तपासणी विभागात कुणीतरी. चौघांच्या बाबतीत तिचं बालपण सारखंच झुरत होतं.

शहर मोठं असतं तर हे खपलं असतं. पण शहाद्याकडे लग्नसराईत सगळे एकाच पंगतीला बसतात.

नात्यातलंच लग्न होतं. मयूरी तुपाचं भांडं घेऊन वरण-बट्टीच्या पंगतीत फिरत होती. पॅकहाऊसचे उमाकांतभाई, त्यांच्या शेजारी ठिबकवाले आणि पलीकडे शाळेचे सचिव असे तिघं रांगेत. सचिवांनी कौतुकाने सांगितलं, की एका बाईंचा अर्ज आलाय, लहानपणापासून आमच्याच शाळेचं स्वप्न होतं म्हणे. ठिबकवाल्यांनी घास खाली ठेवला आणि डाव्या हाताने मोबाईल काढला. मग उमाकांतभाईंनी काढला. तिन्ही मोबाईल एका रांगेत धरले गेले, आणि तूप वाढायला वाकलेल्या मयूरीला आपलं नाव तीनदा वाचायला मिळालं.

तेवढ्यात सासूबाई, पार्वतीबाई, तिथे आल्या आणि अभिमानाने ओळख करून देऊन बसल्या, की ही आमची मयूरी.

उमाकांतभाई हसले नाहीत, हेच जास्त लागलं. ते म्हणाले, "वहिनी, सुनेचं लहानपण फार मोठं दिसतं. आम्ही तिघं मावलो त्यात. आमचं पॅकहाऊस तर आत्ता, हिच्या लग्नानंतर उभं राहिलं."

मयूरीने त्यांना तूप जरा जास्तच वाढलं.

घरी उंबऱ्यात आल्यावर पार्वतीबाई बोलल्या, "तुन्हा धीरजभाऊनी सर्वास्ले एकच पत्रिका वाटी दिन्ही."

टोमणा धीरजला होता, पण मयूरीच्या डोक्यात पत्रिकाच राहिली. मागच्या महिन्यात पुतण्याच्या साखरपुड्याचं आवतण द्यायला ती सासूबाईंबरोबर घरोघर फिरली होती. पत्रिका सगळ्यांना एकच. तारीख, वेळ, जागा बदलायचं कारणच नव्हतं. पण एका दारात सासूबाईंनी व्यायलेल्या म्हशीची चौकशी केली आणि दुसऱ्या दारात पापड लाटायला लवकर बोलावलं. म्हशीची चौकशी चुकून पापडाच्या दारात झाली असती, तर ते घर साखरपुड्याला आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोबाईल घेऊन बसली. पहिल्या झटक्यात तिने 'मेहनती'चं 'कष्टाळू' केलं आणि 'स्वप्ना'ची 'इच्छा' केली. वाचून पाहिलं. जुन्याच साडीला नवा फॉल लावल्यासारखं दिसलं. खोडून टाकलं.

मग तिने न बदलणारं बाजूला काढलं: शिक्षण, प्रयोगशाळेतलं काम, कधीपासून येता येईल, फोन नंबर. हे सगळीकडे जसंच्या तसं जाणार होतं, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. बदलायची होती सुरुवात, आणि तिच्या कामातलं कोणतं काम आधी सांगायचं ते. त्यासाठी तिने जाहिराती पुन्हा वाचल्या. खरं तर पहिल्यांदाच वाचल्या.

पॅकहाऊसच्या जाहिरातीत धुलाईच्या टाक्यांचं पाणी आणि नोंदी यांचा उल्लेख होता. तिने लिहिलं, की पाण्यातलं क्लोरीन आणि सामू (पीएच) मी रोज तपासत असे, आणि नमुन्याला असा क्रमांक देत असे की तो कुणाच्या शेतातला हे मागाहून सांगता यावं. तुमच्या खोक्यांनाही हेच लागत असणार. ठिबकवाल्यांना लिहिलं, की पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर का बुजतात हे मी शेतकऱ्याला त्याच्याच पाण्याचा अहवाल दाखवून समजावलं आहे. शाळेला लिहिलं, की आम्ल विरळ करताना ते पाण्यात ओतायचं, पाणी त्यात नाही, हे मी नवख्यांना शिकवत असे. दवाखान्याला काहीच लिहिलं नाही. तिथे रक्त तपासायचं होतं, आणि माती कितीही प्रेमाने तपासली तरी तिचं रक्त होत नाही.

पाठवण्याआधी तिने प्रत्येक मेसेजमधलं संस्थेचं नाव बोटाखाली झाकलं. पॅकहाऊसचा मेसेज ठिबकवाल्याला चालतोय का? नाही. बरं झालं. 'हा अर्ज खास आपल्यासाठी लिहिला आहे' असं एक वाक्य शेवटी आलं होतं, ते मात्र तिने काढलं. ते धीरजला फार आवडलं असतं.

धीरजने मेसेज स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेतले आणि वाचून नकारार्थी मान हलवली. असं एकेकाला लिहीत बसलात तर अर्ज किती होतील, असं त्याचं गणित होतं.

उमाकांतभाईंचा फोन आखाजीच्या आदल्या आठवड्यात आला. त्यांनी आधी एक उद्योग केला होता. तिचा मेसेज ठिबकवाल्यांना दाखवून विचारलं होतं, तुला हाच आलाय का. ठिबकवाले म्हणाले, मला ड्रिपरचा आलाय, केळीचं त्यात नाव नाही.

"म्हणजे अर्ज त्यालाही केलाच," उमाकांतभाई किंचित दुखावल्यासारखे म्हणाले.

"हो, केला. नोकरी हवी आहे ना."

"आणि ते लहानपणचं स्वप्न?"

"लहानपणी मला एसटीची कंडक्टर व्हायचं होतं, उमाकांतभाई."

उमाकांतभाई म्हणाले, "सोमवारी या. टाकीचं पाणी दाखवतो. गेल्या हंगामात एक अख्खी गाडी त्याच्यापायी अडली होती."

मयूरी कामाला लागली. सासऱ्यांनी आखाजीला सांजोऱ्या खाताना गावाला सांगितलं, की सुनेला नोकरी करू द्यावी हे आपलं पहिल्यापासूनचं मत.

महिनाभराने उमाकांतभाईंनी पॅकहाऊसमध्ये आणखी एक माणूस घ्यायचं ठरवलं, आणि आलेले अर्ज चाळायचं काम मयूरीकडे दिलं. तिने पहिला उघडला. अर्जदार इतिहासाचा पदवीधर होता. पाण्यातलं क्लोरीन आणि सामू तो रोज तपासत असे, आणि नमुन्याला क्रमांकही देत असे. दुसरा अर्जदारही तपासत असे. तिसऱ्याने तेवढं 'तपासत असे'चं 'तपासत असत' करून स्वतःला आदर दिला होता.

वर सगळ्यांच्या 'फॉरवर्डेड' लिहिलेलं होतं.

तिने धीरजला फोन लावला. तो खुशीत होता. "वहिनी, तुमचा मेसेज लई चालतोय," तो म्हणाला.