फळ्यावरचा व्याजदर

निवृत्तीच्या पैशांतले दहा लाख मी पाच वर्षांसाठी बाजूला ठेवले होते. व्याज दरवर्षी हातात घ्यायचं होतं. नांदुऱ्याच्या बँकेत पाच वर्षांच्या ठेवीला सात टक्के होते, एका वर्षाच्या ठेवीला साडेसात. बायको म्हणाली, "पाच वर्षांचीच करा. पुढच्या साली काय दर राहीन, कोणाले माहीत?" मी खेकसलो, "तू मले व्याज शिकवतं काय?" आणि एका वर्षाची ठेव केली.

वर्ष भरलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, आता चार वर्षांसाठी सहाच टक्के आहेत." पहिल्या वर्षी पाच हजार जास्त मिळाले होते, आता उरलेली चारही वर्षं दरसाल दहा हजार कमी. म्हणजे पस्तीस हजारांचा फटका. हे गणित मी तिथंच स्लिपच्या मागे केलं, अगदी बिनचूक.

 

तीस वर्षं मी पोरांना व्याजाची गणितं शिकवली, चुकणाऱ्यांचे कान पिरगाळले. त्या प्रत्येक गणितात दर पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत तोच असायचा. फळ्यावर तो मीच लिहायचो.