फाट्यावरचं च्युइंगगम

ती दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लावत नसे, म्हणून घरी सगळे तिला ‘सोवळी’ म्हणत. शिकायला परदेशी आलेल्या सोवळीला मेट्रोची भारी किळस यायची. त्या सकाळी चिकट दांडा रुमालाने धरून ती उभी होती, आणि बाहेर भलतीच स्टेशनं येऊ लागली. फोन बंद पडलेला. गाडी तर हिरव्या लाइनचीच होती!

ती पुढच्या स्टेशनावर उतरली. एका काकांना विचारलं, तर ते तिच्या तोंडावरच शिंकले.

‘‘शी!’’ म्हणत ती भिंतीवरच्या नकाशाकडे वळली. ‘तुम्ही इथे आहात’ची खूण सापडली, पण हिरवी रेघ मागे दोन स्टेशनांवर कुणीतरी चिकटवलेल्या च्युइंगगमखाली गडप झाली होती. शेवटी तिने ते नखाने खरवडलं. खाली फाटा निघाला. तिथून हिरव्या रेघेच्या दोन शाखा फुटत होत्या, आणि तिचं कॉलेज दुसऱ्या शाखेवर होतं. रंग एकच, शेवटची स्टेशनं मात्र वेगळी.

समोरच्या फलाटावरून ती दोन स्टेशनं मागे गेली. फाट्यावर उतरून तिने पुन्हा पुढे जाणाऱ्या गाड्यांचा फलाट गाठला. पहिल्या गाडीच्या कपाळावर मघाच्याच शाखेचं शेवटचं स्टेशन होतं. ती तिने सोडली. दुसरीवर आपल्या शाखेचं नाव वाचूनच चढली.

प्रयोगशाळेत सर म्हणाले, ‘‘उशीर झाला.’’

‘‘आधी साबण कुठाय ते सांगा, सर,’’ सोवळी म्हणाली.